एक नंबरचा टाका आणि न कापलेली माया

“पेपर पीसिंगमध्ये टोकं आपोआप अणकुचीदार येतात, कारण छापील रेषेवरच शिवायचं असतं. टाका जितका लहान तितका चांगला, 1 वर ठेवला तर उत्तम. मधेमधे माया कापत बसू नका, ब्लॉक झाला की मागून एकदाच छाटा.”

पेपर पीसिंग, म्हणजे छापील कागदावरच कापडाचे तुकडे शिवून गोधडीचा ब्लॉक करणं, शिकणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो. टाका लहान करायचा हे खरं, पण कशासाठी? सुईने कागदाला जवळजवळ भोकं पडावीत आणि शेवटी कागद ओढताना टाके ढिले न होता तो फाटावा, एवढ्यासाठी. नेहमीच्या 2.5 मिमीला इंचात साधारण 10 टाके पडतात, 1.5 ला 17 आणि 1 ला 25. एवढ्या दाट भोकांचा कागद शिवतानाच सुटायला लागतो, मग पुढचा तुकडा कोणत्या रेषेवर शिवणार? शिवाय चूक झाली की उसवणं आलंच. एकदा मी 1 वर शिवलेली शिलाई उसवायला बसले, तर टाक्यांबरोबर कापडाचे धागेही निघाले. 1.5 ते 1.8 पुरेसा आहे, जोडीला 90 नंबरची जरा जाड सुई घाला. आपल्या कागदावर चालतो का ते पाहायला चिंधीवर एक शिलाई मारा आणि तिथे कागद दुमडून ओढा. तो रेषेवर फाटला आणि शिलाई तशीच घट्ट राहिली, की टाका बरोबर.

मायेबद्दलचा सल्ला मात्र मुळातच चुकीचा आहे. ताऱ्याची एक पाकळी घ्या: मधे गडद रंगाचा उंच सुळका (तुकडा 1), दोन्ही बाजूंना फिकट कापड (2 आणि 3). तुकडा 1 कागदाच्या कोऱ्या बाजूला, सुलटी बाजू आपल्याकडे ठेवून टाचला. आता 2 लावण्याआधी छापील बाजू वर करायची, 1 आणि 2 मधल्या रेषेवर जाड कार्ड ठेवून कागद त्यावर दुमडायचा आणि घडीबाहेर आलेलं कापड बरोबर पाव इंच ठेवून कापायचं. ही कापलेली कड म्हणजेच पुढच्या तुकड्याची खूण. 2 ची कड तिला भिडवायची, सुलट्या बाजू समोरासमोर, कागद उलगडायचा आणि छापील बाजूने शिवायचं. आधी कापलं नाही, तर 2 कुठे ठेवायचा हे अंदाजाने ठरतं. मग तो उलटून इस्त्री केल्यावर कोपऱ्यात कापड कमी पडलेलं दिसतं.

शेवटी छाटू म्हणावं, तर तोवर ती माया कागद आणि कापड यांच्यामध्ये अडकलेली असते आणि तिचं टोक पुढच्या शिलाईत गेलेलं असतं. तिथे कात्री शिरत नाही. वेडीवाकडी राहिलेली गडद माया फिकट कापडाखालून सावलीसारखी दिसते, ती वेगळीच.

3 च्या वेळी एक अडचण हमखास येते. शिलाई रेषेच्या दोन्ही टोकांपलीकडे चार-पाच टाके न्यावी लागते, त्यामुळे सुळक्याच्या शेंड्यापाशी 2 ची शिलाई 3 च्या रेषेला ओलांडून गेलेली असते आणि कागद दुमडू देत नाही. जोर लावू नका. तेवढ्याच जागी कागद टाक्यांपासून अलगद सोडवा, मग दुमडा.

“आपोआप” हा शब्द पाकळीपुरता निम्मा खरा आहे. रेषेवर शिवलं तर दोन्ही शिलाया एकमेकींना बरोबर शेंड्यावर छेदतात आणि मागे फुली दिसते. ही फुली कापलेल्या कडेपासून पाव इंच आत असते. पाकळी बाहेरच्या माया-रेषेऐवजी आतल्या रेषेवर कापली, तर ती पाव इंचाची जागाच जाते आणि जोडताना शेंडा शिलाईत गिळला जातो. पॅटर्न छापतानाही प्रमाण 100 टक्के हवं. 97 टक्क्यांवर 6 इंचांचा ब्लॉक 5.82 इंचांचा होतो, मग शेजारच्याशी जुळणार कसा?

टोक खरं बिघडतं ते दोन भाग जोडताना, आणि तिथे छापील रेषा एकटी पुरत नाही, कारण दुसऱ्या भागाची रेषा खाली झाकलेली असते. एका भागाच्या शेंड्यातून टाचणी सरळ आरपार घालून दुसऱ्याच्या नेमक्या जागी काढा. ती उभी ठेवूनच बाजूला दोन टाचण्या लावा, मग मधली काढून टाका. शिलाई फुलीच्या मधून जायला हवी. कापड जाड असेल तर सूतभर कडेकडे, कारण घडीच्या जाडीत तेवढं टोक जातं. आत सरकली की शेंडा कापला गेलाच. पहिल्यांदा 4 मिमीच्या लांब टाक्याने फुलीच्या आसपासचा इंचभरच शिवून उलगडून पाहा. टोक बोथट दिसलं तर चार टाके ओढले की निघतात. नीट दिसलं, तरच टाका 1.5 वर आणून पूर्ण शिलाई मारा.