तेल बदललं, पण लेव्हल कोणत्या तापमानाला लावली?

प्रतिक्रिया: "सर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरच्या मागच्या लेखात तुम्ही लिहिलं होतं, 'डी उशिरा लागत असेल तर आधी तेल बघा.' मी एप्रिलमध्ये तेल बदलून घेतलं, साडेसात हजार गेले. तरी सकाळी डी टाकला की तीन सेकंद गाडी जागची हलत नाही, मग दणका देऊन उठते. गॅरेजवाले आता म्हणतात सोलेनॉइड गेले, पूर्ण व्हॉल्व्ह बॉडी टाका, पन्नास हजारांच्या वर खर्च. मग तेल-तेल करून लोकांचे पैसे का घालवता?" – मनीष नगरहून एक वाचक

उत्तर:

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे, कारण चूक माझ्या लेखात आहे. 'तेल बघा' एवढंच लिहून मी थांबलो. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ते बघायचं कसं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे नेमकी गफलत कुठे होते, हे लिहिलंच नाही. तेल बदलणं आणि लेव्हल बरोबर लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचं पहिलं झालंय, दुसरं झालंय की नाही हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. त्यामुळे पन्नास हजारांना हो म्हणण्याआधी हे वाचा.

पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल आहे. तुमची गाडी एएमटी असेल तर तिच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच असतो, तिथे हे लागू नाही. पण तेलाला साडेसात हजार लागले त्या अर्थी तुमची टॉर्क कन्व्हर्टरचीच असावी, असं धरून लिहितो.

आधी डी टाकल्यावर आत काय होतं ते बघू. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनमधलं तेल फिल्टरमधून पंप ओढतो आणि दाबाने व्हॉल्व्ह बॉडीकडे, म्हणजे तेल कोणत्या क्लचकडे जाणार ते ठरवणाऱ्या भागाकडे पाठवतो. तुम्ही लिव्हर डी वर आणला की त्या दाबाचं तेल पुढे जायच्या क्लचच्या पिस्टनमागे भरतं, पिस्टन सरकतो, प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि गाडी धरते. हे सगळं साधारण एका सेकंदात व्हायला हवं. टोयोटाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूट्रलवरून डी ला १.२ सेकंदांपेक्षा कमी आणि आर ला १.५ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा असं दिलेलं असतं, तेही तेल गरम असताना. पॅनमध्ये तेल कमी असेल तर फिल्टरच्या तोंडाशी तेलाबरोबर हवाही ओढली जाते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून फेसाळ तेलाने पिस्टन रेंगाळत सरकतो. तोवर इंजिन नुसतं फिरत राहतं, आणि पिस्टन शेवटी बसला की तुम्हाला तो दणका जाणवतो.

मग सकाळीच का? कारण थंड तेल आकसलेलं असतं, त्यामुळे आधीच कमी असलेली लेव्हल आणखी खाली जाते. शिवाय रात्रभर कन्व्हर्टरमधलं काही तेल खाली उतरलेलं असतं. इंजिन सुरू झालं की पंप ते पुन्हा वर भरतो आणि पॅनमधली पातळी घसरते.

आता मूळ मुद्दा. डिपस्टिक नसलेल्या बहुतेक गिअरबॉक्सना पॅनमध्ये किंवा बाजूला लेव्हलचा प्लग असतो. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून डी पर्यंत आणि परत असा सावकाश फिरवायचा, आणि गिअरबॉक्सचं तेल ठरलेल्या तापमानाला आलं की प्लग उघडायचा. बऱ्याच ६ स्पीड गिअरबॉक्सना हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. त्या क्षणी बारीक धार निघून थेंब-थेंब व्हायला लागली की लेव्हल बरोबर. काहीच निघालं नाही तर कमी आहे.

एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी ३ वाजता, वर्धा रोडवरून चालवत आणलेल्या गाडीत तेल ४० अंशांना मिळणार कुठून? ते सहज ८०-८५ ला असतं. गाडी तासभर शेडमध्ये उभी केली तरी बाहेरच ४३-४४ अंश, त्यात गिअरबॉक्ससारखा धातूचा गोळा निवणार किती? गरम तेल फुगलेलं असतं. प्लग उघडला की भरपूर धार येते, पोरगा थेंब पडेपर्यंत वाट बघतो, प्लग लावतो आणि 'लेव्हल ओके' म्हणतो. वाहून गेलेलं ते तेल जास्तीचं नव्हतंच.

हिशेब करून बघा. तेल दर अंशाला साधारण ०.०७५ टक्के फुगतं. गिअरबॉक्समध्ये एकूण ७ लिटर धरलं आणि ४० ऐवजी ८५ अंशांना प्लग उघडला, तर ४५ अंशांचा फरक म्हणजे जवळपास पाव लिटर तेल फुकट बाहेर. पाव लिटराने गाडी बंद पडत नाही, पण काठावर येते. दुसरी चूक म्हणजे इंजिन बंद करून प्लग उघडणं. तेव्हा कन्व्हर्टरकडचं तेलही पॅनमध्ये उतरतं आणि त्याहून कितीतरी जास्त वाहून जातं. तिसरी पद्धत तर सर्रास दिसते: जितकं निघालं तितकंच मोजून भरायचं. आधीच अर्धा लिटर कमी असेल तर नवीन तेलही अर्धा लिटर कमीच भरलं जातं.

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला त्रिमूर्ती नगरच्या एका काकांची गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार थेट तुमचीच: सकाळी तीन सेकंद, मग दणका, आणि दिवसभर बरी. तेल दीड महिन्यापूर्वी दुसरीकडे बदललेलं. काका म्हणाले, "दुपारी गाडी नेली अन् अर्ध्या तासात परत देल्ली ना बापा." तेवढ्यावरून मला अंदाज आला. गाडी रात्री आमच्याकडेच ठेवली. सकाळी सहाला स्कॅनर लावला तेव्हा तेल ३१ अंशांवर होतं. इंजिन चालू करून लिव्हर सगळीकडे फिरवला आणि स्कॅनरवरचा आकडा बघत बसलो. ४० आला तसा प्लग खोलला. एक थेंबही नाही. प्लगच्या भोकात बोट घातलं तर कड नुसती ओशट लागली.

हातपंपाने १००-१०० मिलि तेल टाकत गेलो. मधेच आकडा ४५ च्या वर जाऊ लागला म्हणून इंजिन बंद करून थांबावं लागलं. सहाव्या १०० ला थेंब सुरू झाले. ६०० मिलि कमी होतं. पाव लिटराचा हिशेब वर दिलाच आहे. बाकीचं कुठे गेलं ते पॅन पुसताना कळलं: ड्रेन प्लगचं जुनं वॉशर तसंच लावलं होतं, आणि त्याच्याभोवती तळहाताएवढ्या भागात धूळ तेलात भिजून चिकटली होती. पंचवीस-तीस रुपयांचं वॉशर बदललं. दुसऱ्या दिवशी काकांनी सकाळी मोबाईलवर वेळ मोजून पाठवली. एका सेकंदाच्या आत. त्यांनाही सोलेनॉइडच सांगितले होते.

म्हणून सोलेनॉइड जात नाहीत असं मी म्हणत नाही. जातात, पण त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह. त्याची कॉइल किंवा वायर तुटली तर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला ते लगेच कळतं, चेक लाइट लागतो, स्कॅनरवर `P0748` किंवा `P0753` सारखा कोड येतो, आणि बहुतेक गाड्या एकाच गिअरमध्ये अडकतात. शिवाय बऱ्याच गिअरबॉक्समध्ये मुख्य दाबाच्या सोलेनॉइडची वीज गेली की दाब मुद्दाम पूर्ण वाढतो, क्लच जळू नये म्हणून. मग प्रत्येक गिअरला दणके बसतात, पण गाडी रेंगाळत नाही. तुमच्याकडे फक्त सकाळी उशीर आहे. कोड निघाला असेल तर गॅरेजवाल्यांकडून त्याचा फोटो मागा. कोड नसेल तर 'सोलेनॉइड गेले' हे कशावरून ठरवलं, ते विचारा.

ते म्हणतील मीटरने रेझिस्टन्स मोजला. त्यातही हीच तापमानाची मेख आहे. दाबाच्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स कित्येक गाड्यांत २० अंशांना ५ ते ५.६ ओम दिलेला असतो. तांब्याचा रेझिस्टन्स उष्णतेने वाढतो, म्हणून ५.३ ओमचा चांगला सोलेनॉइड ८० अंशांना साडेसहाच्या आसपास दाखवतो. गरम गाडीत मोजून आकडा जास्त आला म्हणून बाद केलेले सोलेनॉइड मी पाहिले आहेत. थंड करून मोजल्यावर ते ठीक निघाले.

खरा अवघड प्रकार म्हणजे कॉइल ठीक, पण व्हॉल्व्ह बारीक धातूच्या चुऱ्याने अडकतोय. याचा कोड येईलच असं नाही. इथे डी आणि आर वेगवेगळे बघा. दोन्हीकडे उशीर होत असेल तर कारण दोघांच्या सामाईक वाटेवर असतं, म्हणजे लेव्हल, फिल्टर, पंप किंवा मुख्य दाब. आर एका सेकंदात लागतो आणि फक्त डी रेंगाळतो, तर पुढे जायच्या क्लचचा सोलेनॉइड किंवा त्याच्या पिस्टनचं सील यांच्यावर संशय जातो. सील कडक झालं असेल तर नवीन व्हॉल्व्ह बॉडी टाकूनही उशीर तसाच राहतो, आणि पन्नास हजार खर्चून ते कळणं फार महागात पडतं. यातला फरक दाबाचा गेज लावूनच कळतो. बऱ्याच गिअरबॉक्सना त्यासाठी प्लग दिलेला असतो.

तुम्ही एवढं करा. उद्या सकाळी इंजिन चालू करून पी मध्येच पूर्ण एक मिनिट थांबा, मग ब्रेक दाबून डी टाका आणि वेळ मोजा. परवा तसंच करून आर मोजा. नंतर गाडी रात्रीच गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी लवकर, तुम्ही स्वतः समोर उभे राहून, स्कॅनर लावून लेव्हल बघायला सांगा. खाली आलेलं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. ते काळं असेल आणि करपलेला वास येत असेल तर प्लेटा घासल्या आहेत. मग प्रश्न लेव्हलचाही उरत नाही आणि नुसत्या सोलेनॉइडचाही नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागतो. तोवर उशीर होतोय म्हणून डी मध्ये ॲक्सिलरेटर दाबू नका. तीन सेकंदांनी क्लच बसतो तेव्हा इंजिन आयडलला असू द्या, नाहीतर अर्धवट धरलेल्या प्लेटा तिथेच जळतात.

मूळ लेखात तापमानाचा भाग आज रात्री घालतो. तुम्ही मला तीनच गोष्टी कळवा: डी ला किती सेकंद, आर ला किती सेकंद, आणि स्कॅनरवर मॅन्युअलमधला आकडा असताना प्लगमधून काय निघालं: काहीच नाही, थेंब, की धार.