कर्ज फिटलं, पण बोजा उतरला नाही: खरेदीसाठी मुदत मागताना काय लिहायचं

"सर, बँकेचं थोडं काम राहिलंय. रजिस्ट्री दोन-तीन आठवडे पुढे घेऊ. टेन्शन घेऊ नका."

माझ्या भाच्यानं त्याचं वडगावातलं घर घेणाऱ्या सरांना हा मेसेज पाठवायचा ठरवला होता. पाठवण्याआधी मला दाखवला हे बरं झालं. माझी नोकरी बँकेत, त्यातली बरीच वर्षं कर्जखात्यात गेली. निवृत्त झाल्यावरही बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं असले कागद घेऊन घरी येतात. माझं मत स्पष्ट आहे. व्यवहार बँकेच्या उशिरामुळे क्वचित मोडतो. तो मोडतो असल्या मेसेजमुळे.

आता सरांच्या बाजूनं बघा. ते खानापूर तालुक्यात शाळेत शिकवतात आणि इथं भाड्यानं राहतात. घर अठ्ठेचाळीस लाखांना ठरलं. एप्रिलमध्ये संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन केलेला खरेदीचा करार, झालं तेव्हा त्यांनी पाच लाख दिले. भाच्याचं कर्ज फेडायला बँकेनं काढून दिलेल्या हिशेबाप्रमाणे अकरा लाख साठ हजार त्यांनी ४ जूनला थेट कर्जखात्यात भरले. म्हणजे साडेसोळा लाखांहून जास्त रक्कम त्यांच्या हातातून गेली आणि घर अजून भाच्याच्या आणि त्याच्या बायकोच्या नावावर. संचकारपत्रात खरेदीची शेवटची तारीख ३० जून. अशा माणसाला २२ जूनच्या संध्याकाळी "टेन्शन घेऊ नका" म्हटलं तर तो रात्रभर जागाच राहणार. कुठलं काम राहिलंय, कोणाकडे राहिलंय, किती दिवसांचं आहे, काहीच कळत नाही. दुसऱ्या कुणी जास्त पैसे देऊ केले असतील, हीच शंका पहिली येते. मला तरी तीच आली असती.

खरं कारण काय होतं ते सांगतो, कारण हा घोळ आपल्या भागात मी पुष्कळ वेळा पाहिलाय.

कर्ज फिटणं आणि बोजा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा पैसा भरला की खातं बंद होतं आणि काही दिवसांत 'येणे बाकी नाही' असं पत्र मिळतं. पण मूळ कागद शाखेत नसतात. गृहकर्जाचे कागद बहुतेक बँका एका ठिकाणी गोळा करून ठेवतात. तिथं शाखेनं मागणी पाठवायची, पाकीट शोधलं जायचं, ते शाखेत यायचं. त्याशिवाय बँकेनं सेरसाईमध्ये, म्हणजे तारण मालमत्तेच्या केंद्रीय नोंदणीत, स्वतःचा बोजा मिटल्याचं नोंदवायचं. आणि कर्ज देताना कागद ठेवून घेतल्याचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवला असेल, तर तो उतरवल्याचा दस्तही तिथंच नोंदवायचा. त्यासाठी बँकेच्या अधिकृत माणसाला येऊन सही करावी लागते.

या सगळ्याला आता मुदत आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश काढला: कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. चूक बँकेची असेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाला कर्जदाराला ५,००० रुपये द्यायचे. भाच्याचं कर्ज ४ जूनला फिटलं, म्हणजे ४ जुलैपर्यंत बँक नियमात आहे. मुळात संचकारपत्रात ३० जून ही तारीख घातली तेव्हा हे तीस दिवस कुणी मोजलेच नव्हते.

पण खरी अडचण दुसरीच निघाली. भाच्यानं कर्ज पहिल्यांदा २०१४ साली एका गृहकर्ज कंपनीकडून घेतलं होतं. २०१९ मध्ये व्याज कमी म्हणून ते या बँकेत वळवलं. बँकेनं कंपनीचे पैसे भरले, कंपनीनं कागद बँकेला दिले, सगळे खूश. कंपनीनं २०१४ मध्ये सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला बोजा मात्र उतरवायचा राहिला. सरांच्या बँकेच्या वकिलानं ईसी, म्हणजे घरावरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा सब-रजिस्ट्रारकडचा दाखला, काढली तेव्हा तो नेमका सापडला.

ईसी कशी वाचायची हे सांगतो, कारण लोक इथं चुकतात. कर्नाटकात त्या काळात काहीच व्यवहार नोंदला नसेल तर ईसी फॉर्म १६ मध्ये येते, व्यवहार असतील तर फॉर्म १५ मध्ये. बरेच जण म्हणतात, "मला ईसी कोरी पाहिजे." बोजा उतरला तरी जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्या खाली बोजा उतरवल्याची दुसरी नोंद येते. प्रत्येक बोज्याला त्याची जोडी आहे का, एवढंच बघायचं. भाच्याच्या ईसीत २०१४ च्या नोंदीला जोडी नव्हती. आणि नुसती ईसी पुरत नाही. कागद ठेवून घेतल्याचा दस्त नोंदवलाच नसेल तर ईसीत काही दिसणार नाही, म्हणून सेरसाईतही शोध घ्यायचा.

आता गंमत अशी की रोज पाच हजारांचा तो नियम या जुन्या कंपनीला लावता येत नाही. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे ज्यांचे कागद द्यायची वेळ येते त्यांनाच तो लागू आहे, आणि कंपनीचं कर्ज २०१९ मध्येच फिटलं. तिथं अर्ज, पाठपुरावा आणि ओळखीचा एखादा माणूस, एवढंच हाती. (आपल्याकडे सौहार्द सोसायट्यांतून आणि पतसंस्थांतून घर तारण ठेवलेलेही खूप आहेत. त्या रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, म्हणून हा नियम त्यांनाही नाही. तिथं कर्ज असेल तर संचकारपत्रात तारीख घालतानाच जास्त दिवस धरा.)

म्हणून मी भाच्याला नवीन मेसेज लिहायला बसवलं. तो असा झाला:

"नमस्कार सर. संचकारपत्राप्रमाणे खरेदी ३० जूनपर्यंत व्हायची आहे. ती त्या तारखेला होणार नाही, म्हणून मी आणि माझी पत्नी दोघंही ३१ जुलैपर्यंत मुदत मागतो. तुम्ही भरलेल्या रकमेनं ४ जूनला कर्ज पूर्ण फिटलं, बँकेचं पत्र सोबत आहे. मूळ कागद ४ जुलैपर्यंत शाखेत येतील असं बँकेनं लेखी कळवलंय, तेही पाठवतो. २०१४ च्या कंपनीचा बोजा ईसीत अजून आहे, तुमच्या वकिलांचं म्हणणं बरोबर आहे. कंपनीकडे १२ जूनला अर्ज दिलाय, पोच सोबत आहे. त्यांनी कामाचे पंधरा दिवस सांगितलेत. त्यानंतर त्यांचा माणूस सब-रजिस्ट्रारकडे येऊन बोजा उतरवेल. मग नवीन ईसी काढून तुमच्या वकिलांना देऊ, आणि ते हो म्हणाले की मगच खरेदीची वेळ घेऊ. किंमत आणि बाकी अटी त्याच. उशीर आमच्याकडून आहे, म्हणून जुलैचं तुमचं घरभाडं आम्ही देतो. तुमच्या कर्जमंजुरीची मुदत कधी संपते ते कृपया कळवा. हे सगळं स्टँपवर लिहून दोघंही सही करतो."

यावर भाच्याशी माझं दोनदा वाजलं. एकदा तारखेवरून. त्याला १५ जुलै लिहायचं होतं, कमी दिवस मागितले तर सर लगेच हो म्हणतील म्हणून. मी म्हटलं, हिशेब कर. कंपनीचे पंधरा दिवस ३ जुलैला संपतात. त्यांचा माणूस यायला आठवडा धर, ईसीला दोन-तीन दिवस, वकिलाला आणि सरांच्या बँकेला पैसे सोडायला आणखी आठवडा. वीस-बावीस जुलै तिथंच झाली. एकदाच मागायचं आणि पुरेसं मागायचं. दुसऱ्यांदा मुदत मागायला गेलास तर पहिल्या मेसेजमधलं खरंही खोटं वाटायला लागतं.

दुसरं वाजलं पैशांवरून. त्यानं लिहिलं होतं, "तोपर्यंत नाही झालं तर सगळे पैसे लगेच परत." अरे, त्यातले अकरा लाख साठ हजार कर्जात गेले, लगेच कुठून आणणार? ते वाक्य मी काढायला लावलं. त्याऐवजी मुदतवाढीच्या कागदात घातलं की ३१ जुलैला झालं नाही तर सरांनी ठरवायचं: आणखी थांबायचं की पैसे परत मागायचे, आणि परत मागितले तर ते दोन महिन्यांत द्यायचे. एवढं त्याला जमण्यासारखं आहे.

तो कागद सरांसाठीही गरजेचा आहे, फक्त आमच्यासाठी नाही. मुदत वाढवणं करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे चालतं, पण तोंडी वाढवली तर उद्या कोर्टात कोण काय म्हणेल सांगता येत नाही. खरेदी करून द्या असा दावा लावायला तीन वर्षं मिळतात आणि ती करारातल्या ठरलेल्या तारखेपासून मोजली जातात. म्हणजे नवीन तारीख कागदावर असणं घेणाऱ्याच्याच फायद्याचं. त्यात आतापर्यंत दिलेल्या रकमा तारखेसह लिहायच्या. आणि घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या हव्यातच. नवऱ्यानं मेसेज केला आणि बायकोला पत्ताच नाही, असे व्यवहार मी पाहिलेत. भांडण घरी मराठीत होतं आणि कागद कन्नडमध्ये असतो, मग दोन्हीकडून वकील.

सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मुदत दिली. घरभाडं नको म्हणाले, शिक्षक माणूस. त्यांच्या कर्जमंजुरीची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत आहे, म्हणजे तो धोका टळला. एक अट मात्र घातली, आणि ती मला फार पटली. २०१९ मध्ये कागद ठेवून घेताना बँकेनं मूळ कागदांची जी यादी सही-शिक्क्यानं दिली होती, तिची प्रत त्यांनी मागितली, आणि शाखेत पाकीट उघडताना समोर राहायचं म्हणाले. भाच्याच्या आधीच्या मालकाचं जुनं खरेदीपत्रही त्या यादीत आहे, आणि वकिलाला मूळ प्रत पाहिजे ती त्याचीच. एखादा कागद हरवलेला निघाला तर नियमाप्रमाणे बँकेला आणखी तीस दिवस मिळतात, नक्कल काढायला मदत करावी लागते आणि खर्चही तिलाच सोसावा लागतो. पण मग ३१ जुलै जमणार नाही. तसं झालंच तर ते सरांना पाकीट उघडलं त्याच दिवशी कळेल.