एसटीच्या सीटवरचा रुमाल आणि हॉटेलचं डिपॉझिट

"हॉटेलात चेक-इनला कार्ड स्वाइप करून डिपॉझिट घेतात ती सरळ लूट आहे. पैसे हॉटेलच्या खात्यात जातात, महिनाभर त्यावर व्याज खातात. आरबीआयचा नियम आहे, 5 दिवसांत परत आले नाहीत तर रोजचे 100 रुपये मिळतात. म्हणून क्रेडिट कार्ड देऊ नका, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड द्या. आणि बिल रोख भरा, डिपॉझिट आपोआप सुटतं. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर आला. त्यातला एक आमच्या सोसायटीचा, एक शाळेच्या मित्रांचा आणि तिसरा चक्क जुन्या हॉटेल सहकाऱ्यांचा. तिसऱ्या ग्रुपवरही कुणी हरकत घेतली नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मी सात वर्षं मुंबईत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर काढली. त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली, म्हणजे दिवसभराच्या स्लिपा जुळवण्यात.

आधी व्याजाचं बघू. गर्दीच्या एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं आहे हे. सीट अडते, पण तिकीट फाडलेलं नसतं. चेक-इनला मशीनवर जो व्यवहार होतो त्याला प्री-ऑथ म्हणतात. आमचं मशीन त्याच्या बँकेमार्फत तुमच्या बँकेला विचारतं, "या कार्डावर 30,000 रुपये आहेत का? असतील तर आमच्यासाठी राखून ठेवा." तुमची बँक हो म्हणते, सहा अक्षरी अप्रूव्हल कोड पाठवते आणि तुमच्या लिमिटमधून तेवढी रक्कम बाजूला काढते. ती बँकेतच राहते. हॉटेलच्या खात्यात एक रुपयाही येत नाही, मग व्याज कशावर खाणार? क्रेडिट कार्ड असेल तर तुम्हालाही व्याज लागत नाही, आणि महिन्याच्या स्टेटमेंटात ही रक्कम देय म्हणून येत नाही. गोंधळ होतो तो एसएमएसमुळे. बऱ्याच बँका प्री-ऑथलाही खरेदी झाल्यासारखाच मेसेज पाठवतात.

आता मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. काही हॉटेलं, विशेषतः छोटी, प्री-ऑथच्या भानगडीत पडत नाहीत. ती डिपॉझिटची रक्कम विक्रीसारखी सरळ कार्डावरून वसूल करतात, नाहीतर यूपीआयवर घेतात. तिथे पैसे खरोखरच हॉटेलच्या खात्यात जातात आणि चेकआउटनंतर रिफंड म्हणून परत येतात, कार्डावर साधारण आठवडाभरात. फरक ओळखायला स्लिप वाचा. वर PRE-AUTH छापलंय की SALE, एवढंच बघायचं. परदेशात तर हे बघितलंच पाहिजे, कारण तिथे हा फरक खिशाला लागतो. समजा दुबईत 1,500 दिरहम डिपॉझिट आहे आणि दिरहमचा दर 23 रुपये, म्हणजे 34,500 रुपये. प्री-ऑथ असेल तर रुमाल उचलला की विषय संपला. पण SALE असेल, तर परदेशी चलनातल्या खर्चावर 3.5 टक्के मार्कअप लावणाऱ्या कार्डावर 1,207 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 1,425 रुपये लागतात. रिफंड येतो त्या दिवसाच्या दराने, आणि हा मार्कअप सोबत परत येईलच असं नाही. त्यामुळे काउंटरवर स्लिप हातात आल्याआल्या विचारलेलं बरं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला शेवटचा आहे, रोख भरण्याचा. आमच्या मशीनला गल्ल्यात काय पडलं हे कळत नाही. तुम्ही नोटा मोजून दिल्या, आम्ही पावती दिली, आपला हिशोब मिटला. तुमच्या बँकेला त्यातलं काहीच माहीत नाही. तिच्या लेखी हॉटेलने टाकलेला रुमाल अजून सीटवर आहे. तो दोनच प्रकारे निघतो. एक तर हॉटेलने मशीनवरून तो प्री-ऑथ रद्द करायचा, नाहीतर बँकेने ठरवलेली मुदत संपायची. ही मुदत प्रत्येक बँकेची वेगळी. काही बँका आठवड्याभरात सोडतात, काही थांबतात, कारण हॉटेल आणि भाड्याच्या गाडीसाठी व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत असा प्री-ऑथ साधारण 30 दिवसांपर्यंत वैध राहू शकतो. "महिनाभर पैसे अडकले" ही तक्रार येते ती इथून.

रोखीचंच काय, त्याच कार्डाने बिल भरलं तरी हे होऊ शकतं. माझ्या हाताखालच्या एका नव्या मुलाने केलेली चूक सांगतो. कोल्हापूरचे एक गृहस्थ शुक्रवारी आले, तीन रात्रींसाठी. खोलीचे करासकट 24,000 आणि खाण्यापिण्याचे, लाँड्रीचे म्हणून रोजचे 2,000, असा 30,000 चा प्री-ऑथ झाला. त्यांच्या कार्डाचं लिमिट 60,000. सोमवारी सकाळी बिल झालं 25,400. खरं तर मशीनवर जुन्या प्री-ऑथचा कोड घालून तोच 25,400 ला पुरा करायचा असतो, त्याला कम्प्लीशन म्हणतात. मग बँक 30,000 तले 25,400 घेते आणि उरलेले 4,600 मोकळे करते. काउंटरवर रांग होती, मुलाने घाईत कार्ड घालून नवीन SALE मारला. पिन टाकला, स्लिप निघाली, पाहुणे गेले.

आता त्यांच्या कार्डावर 30,000 अडकलेले आणि वर 25,400 खर्च, एकूण 55,400. शिल्लक 4,600. त्याच दिवशी दुपारी त्यांनी मुलीच्या कॉलेजचे 18,000 भरायला घेतले आणि कार्ड नाकारलं गेलं. ते फोनवर म्हणाले, "अहो, तुम्ही माझ्याकडून दोनदा पैसे घेतलेत!" दोनदा घेतले नव्हते, पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर दुसरं काय दिसणार? एका सीटवर रुमाल टाकून आम्ही दुसऱ्याच सीटवर जाऊन बसलो होतो.

मी फाइलमधून चेक-इनची स्लिप काढली, कोड घालून मशीनवरून प्री-ऑथ रद्द केला. रद्द केल्यावर क्रेडिट कार्डाचं लिमिट कधी त्याच दिवशी मोकळं होतं, कधी एक-दोन कामाचे दिवस जातात. मंगळवारीही त्यांच्या ॲपवर फरक दिसेना, तेव्हा हॉटेलच्या लेटरहेडवर पत्र केलं. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, प्री-ऑथची तारीख, रक्कम, अप्रूव्हल कोड आणि "ही रक्कम आम्ही वसूल करणार नाही, ब्लॉक काढावा" हे वाक्य. खाली सही-शिक्का. ते त्यांनी बँकेला मेल केलं आणि बुधवारी दुपारी लिमिट परत आलं. पत्र मागतात याचं कारण सरळ आहे. बँकेने एकदा कोड दिला की हॉटेल मुदतीत ती रक्कम मागू शकतं आणि बँकेला द्यावी लागते. म्हणून नुसतं ग्राहकाच्या फोनवर बँक ब्लॉक सोडत नाही, हॉटेलकडून लेखी हवं असतं.

रोख किंवा दुसऱ्या कार्डाने भरायचंच असेल तर हरकत काही नाही. फक्त निघण्याआधी काउंटरवर म्हणा, "प्री-ऑथ रद्द केल्याची स्लिप द्या." ती स्लिप आणि चेक-इनची स्लिप, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची शाई गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवसांत उडते, आणि अप्रूव्हल कोड नेमका तिथेच असतो.

आरबीआयच्या 100 रुपयांचा नियम खोटा नाही, फक्त वड्याचं तेल वांग्यावर काढलंय. 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे: कार्ड घासलं, तुमच्या खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला खात्री आली नाही, स्लिप निघाली नाही. तिथे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये. तेही व्यवहार देशातला असेल तरच. प्री-ऑथ फसलेला नसतो. तो मंजूर झालेला, चालू व्यवहार असतो. हे परिपत्रक दाखवून बँकेशी भांडलात तर तक्रार पहिल्याच पायरीवर बंद होईल. त्यापेक्षा वरचं पत्र दहापट उपयोगी.

राहिलं कार्ड कुठलं द्यायचं ते. मेसेजमधला सल्ला नेमका उलटा आहे. क्रेडिट कार्डावर अडकतं ते लिमिट, म्हणजे बँकेचे पैसे. डेबिट कार्डावर अडकतात तुमच्या बचत खात्यातले. 5 तारखेचा गृहकर्जाचा हप्ता त्यापायी परत गेला तर दंड तुम्हाला. परदेशात भाड्याची गाडी घेताना तर कित्येक कंपन्या डिपॉझिटसाठी डेबिट कार्ड घेतच नाहीत.

फॉरेक्स कार्डाची गोष्ट आणखी वाईट. दुबईला तुम्ही 4,000 दिरहम भरून नेलेत आणि हॉटेलने 1,500 अडवले, की उरलेली सगळी सहल 2,500 मध्ये करायची. ते 1,500 सुटेपर्यंत तुम्ही डोंबिवलीत परत आलेले असता. मग दिरहम रुपयांत बदलून घ्यायचे, बँकेच्या खरेदीच्या दराने, जो तुम्ही भरलेल्या दरापेक्षा कमीच असतो. म्हणूनच बँका स्वतःच सांगतात की फॉरेक्स कार्ड हॉटेलच्या डिपॉझिटला देऊ नका, शेवटचं बिल भरायला वापरा. पण मग चेक-इनला दिलेल्या क्रेडिट कार्डावरचा प्री-ऑथ रद्द करून घ्यायला विसरू नका. कार्ड बदललं की रुमाल जुन्या सीटवरच राहतो.

भाड्याच्या गाडीत एक वेगळी भानगड आहे. तिथे ब्लॉक सुटला म्हणजे हिशोब संपला असं नसतं. टोल, सिग्नल तोडल्याचा दंड, कमी भरलेलं इंधन हे गाडी परत दिल्यावर काही आठवड्यांनीही कार्डावर येऊ शकतं. ते डिपॉझिटमधून कापलेलं नसतं. करारावर तुम्ही केलेल्या सहीच्या जोरावर केलेली नवीन वसुली असते. म्हणून गाडी परत देताना इंधनाचा काटा आणि किलोमीटर दिसतील असा डॅशबोर्डचा फोटो काढतात जाणकार लोक, आणि ते कार्ड पुढचे दोन-तीन महिने बंद करत नाहीत.