व्हिक्सचा अलर्ट, अर्धी पोझिशन आणि परतीचा रस्ता

> "व्हिक्स 28 च्या वर जातो तोवर बाजार पडून झालेला असतो. तुमचा रोबो तळाशी विकतो आणि सगळं शांत झाल्यावर वर विकत घेतो. 5 ऑगस्ट 2024 ला तर व्हिक्स सकाळी 65 वर गेला आणि संध्याकाळी 38 वर आला. अशा आकड्यावर पैसे सोडून द्यायचे? यापेक्षा काहीच न केलेलं बरं."

व्हिक्स 28 वर गेला की पोझिशन अर्धी करणाऱ्या माझ्या रुटीनवर तुम्ही दिलेल्या या प्रतिक्रियेत दोन वेगळे आक्षेप आहेत. त्यातला एक मला मान्य आहे, तोही तुम्ही मांडलाय त्याहून जास्त. पण आधी 28 हा आकडा आला कुठून ते सांगतो, कारण मूळ लेखात ते मी नीट लिहिलं नव्हतं.

व्हिक्स हा अमेरिकेच्या एस अँड पी 500 या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनच्या भावांवरून काढलेला, वर्षाच्या हिशेबातला चढउताराचा टक्का आहे. वर्षात व्यवहाराचे साधारण 252 दिवस असतात, त्याचं वर्गमूळ जवळजवळ 16. म्हणून व्हिक्सला 16 ने भागलं की ऑप्शनचा बाजार रोज किती हालचाल गृहीत धरतोय त्याचा अंदाज मिळतो. 14 वर ती 0.9 टक्क्यांच्या आसपास, 28 वर 1.75. म्हणजे 28 ला त्याच पोझिशनचं रोजचं हेलकावणं दुप्पट होतं. पोझिशन अर्धी केली की ते पुन्हा पूर्वीइतकं होतं. उद्या बाजार पडेल की चढेल, याबद्दल हा अलर्ट काहीच बोलत नाही. त्यामुळे "उशिरा येतो" हा आक्षेप त्याला तितकासा लागू पडत नाही. तो भाकीत करायला बसवलेलाच नाही.

आता 65. व्हिक्स ऑप्शनच्या खरेदी-विक्री भावांच्या मध्यावरून काढतात, प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून नाही. त्या दिवशी नियमित बाजार उघडण्याआधी, दूरच्या पुट ऑप्शनमध्ये विकणारे मागे हटले, दोन भावांमधली दरी रुंदावली आणि मध्यबिंदू वर सरकला. 65.73 चा मोठा भाग तिथून आला. व्हिक्सचे फ्युचर्स त्या मानाने खूपच कमी हलले, आणि दोन्ही शेजारी ठेवले की बिघाड लगेच ओळखू येतो. माझं रुटीन बाजार उघडण्याआधीचं वाचन बघतच नाही. ते दिवसातून एकदाच, बंद होण्याच्या दहा मिनिटं आधी बघतं. त्या दिवशी व्हिक्स 38.57 वर बंद झाला, म्हणजे अलर्ट तरीही आला असता, पण खऱ्या आकड्यावर.

एकदाच बघण्यामागे एक कडू अनुभव आहे. सुरुवातीला अलर्ट दिवसभर चालू असायचा आणि त्याला जोडलेली आज्ञा होती: "असलेल्या पोझिशनमधली अर्धी विक." एका दुपारी व्हिक्स 28 भोवती घुटमळला आणि रेषा चार वेळा खालून वर ओलांडली. चार अलर्ट, चार विक्रीच्या ऑर्डर. 100 चे 50, मग 25, 12.5, आणि शेवटी 6.25 टक्के. प्रत्येक ऑर्डर नियमाप्रमाणे बरोबर होती, म्हणून लॉगमध्ये चुकीची एकही ओळ नव्हती. संध्याकाळी शिल्लक बघितली तेव्हा कळलं. दोष आज्ञेच्या घडणीत होता. अलर्टने "किती विकायचं" हे सांगायचं नसतं, "किती उरायला हवं" हे सांगायचं असतं:

```python
if state == "FULL" and vix >= 28:
    state = "HALF"
elif state == "HALF" and three_closes_below(22):
    state = "FULL"
target = base_units if state == "FULL" else base_units // 2
send_order(target - current_units)
```

आता अलर्ट दहा वेळा आला तरी दुसऱ्यांदापासून शेवटच्या ओळीत शून्य येतं. वर जायची रेषा 28 आणि परतीची 22, तीही सलग तीन बंद भावांची, म्हणून दोन्हींच्या मध्ये निर्देशांक कितीही नाचला तरी काही हलत नाही.

आणि इथेच तुमचा आक्षेप खरा ठरतो. ऑगस्ट 2024 मध्ये 5 तारखेला एस अँड पी 500 हा 5186 वर बंद झाला, तिथे अर्धं विकलं असं धरू. 22 च्या खालचे तीन बंद 9, 12 आणि 13 ऑगस्टला मिळाले. 13 ला बाजार 5434 वर होता. विकलेल्या अर्ध्या भागावर 4.8 टक्के, म्हणजे पूर्ण पोझिशनवर 2.4 टक्के गेले. तुम्ही म्हणता ते अगदी तसंच घडलं.

2020 मी तुमच्या प्रतिक्रियेनंतर पुन्हा काढून बघितलं, आणि ते जास्त बोचलं. 25 आणि 26 फेब्रुवारीला व्हिक्स 27.85 आणि 27.56 वर बंद झाला, रेषेच्या अगदी कडेला. 27 तारखेला 39.16. एस अँड पी त्या दिवशी 2979 होता आणि 23 मार्चला 2237 पर्यंत गेला. ती जवळजवळ 25 टक्क्यांची पडझड अर्ध्याच पोझिशनवर सोसावी लागली, हे चांगलंच. पण 22 च्या खालचे सलग तीन बंद नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत आलेच नाहीत. ऑगस्टमध्ये दोन दिवस खाली राहून तो पुन्हा वर गेला. अखेर रुटीन पूर्ण पोझिशनवर परतलं तेव्हा बाजार 3638 वर होता, विकला त्याच्या 22 टक्के वर. सगळ्या वाचलेल्या पैशांवर पाणी, वर तोटा.

तेव्हा माझी चूक विक्रीच्या अलर्टमध्ये नव्हती, परतीच्या अलर्टमध्ये होती. मी त्याला शांत वर्षातला आकडा दिला होता. मोठ्या धक्क्यानंतर व्हिक्स महिनोन् महिने 25 ते 30 मध्ये रेंगाळतो आणि त्याच वेळी बाजार चढत राहतो.

म्हणून परतीला दुसरी वाट जोडली आहे: व्हिक्सच्या सर्वात उंच बंद भावाच्या निम्म्याखाली सलग तीन बंद. दोन्हींपैकी जी अट आधी पुरी होईल ती चालेल. 2020 मध्ये उंची 82.69 होती, निम्मे 41.3. 13, 14 आणि 15 एप्रिलला व्हिक्स त्याखाली बंद झाला आणि तेव्हा एस अँड पी 2783 होता, म्हणजे विकलेल्या भावाच्या खाली परत घेता आलं असतं. 2024 मध्ये मात्र या वाटेने 15 ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं असतं, 5543 पर्यंत. तिथे 22 चीच अट आधी लागू होते आणि ते 2.4 टक्के तसेच जातात. ते मी मान्य केलेलं भाडं आहे.

हा नियम 2020 बघून सुचला आहे, त्यामुळे 2020 मध्ये तो चांगला दिसणारच. 2008 च्या शरद ऋतूत तो कसा वागतो ते मी आता तपासतोय: तिथे ऑक्टोबरमधल्या शिखरानंतर व्हिक्स ओसरला आणि 20 नोव्हेंबरला 80.86 वर नव्या उंचीवर बंद झाला. मधल्या काळात निम्म्याखाली सलग तीन बंद मिळाले असते, तर रुटीन दुसऱ्या लाटेत पूर्ण पोझिशन घेऊन शिरलं असतं. "काहीच न केलेलं बरं" हे तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही, पण तुमच्याकडे त्या काळाचे रोजचे बंद भाव असतील तर तुम्हीही ही अट त्यावर चालवून बघा.