घरात बसून बघितलेला नकाशा: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. गड आणि पवनचक्क्या एवढ्या दोनच खुणा जुळवून तुम्ही जागा 'शंभर टक्के' ठरवून टाकली. रीलमधला पाण्याचा काठ तुमच्या सॅटेलाइट चित्राशी कुठेच जुळत नाही, त्यावर एक अक्षर नाही. शिवाय अशी वळणं उघड करून तिथं गर्दी का वाढवायची? घरात बसून नकाशे बघणाऱ्यांनी जरा जपून लिहावं."

नमस्कार. त्या लेखात मी एक रील नेमकं कुठून काढलंय ते नकाशावर रेघा मारून शोधलं होतं, त्यावर तुमची ही प्रतिक्रिया.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण बाकीचं वाचताना तेच टोचत राहिलं. माझे वडील मोजणी खात्यात भूकरमापक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर झेंडी धरून बांधाबांधानं उभा राहिलोय, परळी खोऱ्यातसुद्धा. प्लेन टेबलावर कागद ताणायचा, ओळखीच्या खुणेकडे पट्टीवरून डोळा लावायचा आणि रेघ मारायची. आपण कुठे उभे आहोत हे त्या रेघांनी शोधायचं. ते काम मी दहाव्या वर्षी बघितलं. तेव्हा 'घरात बसून' वगैरे मला ऐकवताना जरा दमानं घ्या. तुम्ही सह्याद्री किती फिरलात ते मी विचारलं नाही, तुम्हीही माझं विचारू नका.

आता 'दोनच खुणा'. हे वाक्य लेख अर्धाच वाचून लिहिलंय असं मला वाटतं, पण असो, पुन्हा सांगतो.

त्या रीलखाली 'शिवसागर, बामणोली' लिहिलं होतं, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. पाणी दिसतं, मागे सपाट माथ्याचा गड दिसतो आणि कॅमेरा फिरत गेला की लांबच्या पठारावर पवनचक्क्या येतात. साताऱ्याचा माणूस गड बघून सज्जनगड म्हणणारच, म्हणजे पाणी कोयनेचं नाही, उरमोडी धरणाचं. इथवर तुमच्या 'दोन खुणा' संपतात. जागा मात्र इथे ठरत नाही, कारण उरमोडीचं पाणी दोन बाजूंनी दिसतं. उत्तरेकडून, म्हणजे यवतेश्वर-कास रस्त्याच्या डोंगरावरून बघितलं तर पाणी पुढे, गड त्याच्या मागे आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणखी मागे, उजवीकडे. ठोसेघरच्या बाजूनं उत्तरेला बघितलं तर गड पुढे, पाणी त्याच्या मागे आणि सगळ्यांत मागे कासची डोंगररांग. चक्क्या तेव्हा तुमच्या पाठीशी राहतात. कोण पुढे, कोण मागे, एवढ्यावरच रील कास रस्त्याकडचं ठरतं.

मग एक गोष्ट आडवी आली. रीलमध्ये धरणाची भिंत उजव्या हाताला आहे. कास रस्त्यावरून ती डावीकडे यायला हवी, कारण भिंत पूर्वेला आहे आणि दक्षिणेकडे तोंड केलं की पूर्व डावीकडे येते. चक्क्याही उलट्या बाजूला. रात्री अकरा वाजता मी ते बघून डोकं धरलं होतं. तेवढ्यात पहिल्या दोन सेकंदांत रस्त्याकडेला लावलेली स्कूटर दिसली. नंबरप्लेटवर सुरुवातीला `MH 11` असायला हवं, ते शेवटी होतं आणि तेही `11 HM` असं. M, H आणि 1 आरशात जवळजवळ तसेच दिसतात, म्हणून पहिल्या चार वेळा नजरेत काही खटकलंच नाही. रील उलटं केलेलं होतं, डावं-उजवं अदलाबदल. सरळ केल्यावर भिंत डावीकडे गेली, चक्क्या उजवीकडे.

आणि तिथून पुढे वडिलांची पद्धत. दोन वस्तू बरोबर एकामागे एक दिसल्या की त्यांना जोडणारी रेघ नकाशावर मागे वाढवायची, कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी असतो. होकायंत्र लागत नाही, व्हिडिओची दिशा माहीत असायची गरज नाही. मी अशा तीन जोड्या घेतल्या. पहिली धरणाच्या भिंतीचं पलीकडचं टोक आणि त्यामागची डोंगराची सोंड. दुसरी गडाच्या कड्याची उजवी कड आणि मागच्या रांगेतली घळ. तिसरी समोरच्या कड्यातली खाच आणि तिच्यावर आलेली एक पवनचक्की.

दोन रेघा कुठेतरी छेदतातच, त्यात काही सिद्ध होत नाही. तिथं तुमचं म्हणणं खरं आहे, दोन जोड्यांवर मी थांबलो असतो तर तुम्ही मला झोडपलं असतं आणि मीही गप्प बसलो असतो. त्यातही भिंतीची आणि गडाची रेघ एकमेकींना फार अरुंद कोनात छेदतात. अशा वेळी डोळ्याची जराशी चूक झाली की छेद रेघेच्या लांबीत भलतीकडे सरकतो. सहा किलोमीटरवर एक अंश चुकला तर शंभर मीटरचा फरक पडतो, आणि अरुंद छेदात तो कितीतरी वाढतो. म्हणून तिसरी, चक्कीची रेघ. ती आडवी येते आणि छेदाला पकडून ठेवते. तीनही रेघा एका ठिपक्यात आल्या नाहीत, साधारण दीडशे मीटरचा त्रिकोण झाला. वडील याला 'ठीक' म्हणायचे. त्या त्रिकोणात कास रस्त्यावरच्या पेट्री गावाच्या पुढे रस्त्याचं एकच वळण येतं, दगडी कठडा असलेलं, आणि रीलमध्येही कठडा आहे. रविवारी मी तिथं जाऊन उभा राहिलो. फोटो लेखात आहे, तुम्ही खाली स्क्रोल केलं असतं तर दिसला असता.

पाण्याच्या काठाचं म्हणाल, तर धरण भरलं की काठ वर जातो, मे महिन्यात लाल मातीचा पट्टा उघडा पडतो आणि पाण्यात शिरलेली जमिनीची जीभ लांबते. सॅटेलाइट चित्र कोणत्या महिन्यातलं आहे ते आपल्या हातात नसतं. Google Earth Pro मध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, मी बघितली, रीलच्या जवळची एक तारीखही सापडली, पण काठावरून जागा ठरवायचीच नव्हती म्हणून लिहिलं नाही. कडा हलत नाही, काठ हलतो. (त्याच प्रोग्रॅममधले कडे जमिनीवरून बघितले की गुळगुळीत उतारासारखे दिसतात हेही खरं, म्हणून घळ मी वरून, सावलीवरून ओळखली.)

गर्दीबद्दल: ते वळण कास रस्त्यावर आहे, दर रविवारी तिथून जाणाऱ्या हजार गाड्या ते बघतात. मी गुप्त खजिना फोडलेला नाही. उलट बामणोलीला जाऊन 'तो पॉइंट कुठाय' म्हणून नाववाल्यांना विचारत फिरणारी पोरं मी स्वतः बघितली आहेत.

एक चूक मान्य. दुसऱ्या चित्रात लाल आणि पिवळ्या रेघेची नावं अदलाबदल झाली होती, हे तुम्ही म्हणाला नाहीत, पण तुमच्यामुळे पुन्हा बघितलं तेव्हा कळलं. शीर्षकातलं 'शंभर टक्के' मी काढलं आहे. तुमच्या समाधानासाठी नाही, दीडशे मीटरचा त्रिकोण असताना ते मलाच जास्त वाटलं म्हणून.

चौथी जोडी तुम्हाला सापडली आणि तिची रेघ या त्रिकोणाबाहेरून गेली तर स्क्रीनशॉट इथेच टाका. रील मात्र आधी सरळ करून घ्या.