सव्वा वाटीचा सव्वा किलो होताना

सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याची कृती प्रत्येक घरात एका ओळीत मावते. रवा, साखर, तूप समसमान, दूध तिप्पट, एक केळं, वेलदोडा. पिठाच्या डब्याच्या झाकणामागे चिकटवलेली ही ओळ दहा माणसांच्या पूजेला कधी दगा देत नाही. पण पूजा सोसायटीची ठरते, आकडा दीडशेच्या पुढे जातो, आणि वाटी मोजायला बसलेला माणूस सातव्या वाटीला कुणीतरी दारात हाक मारल्यावर कायमचा विसरतो की ही सातवी की आठवी. तेव्हा कुणीतरी शहाणा म्हणतो, ‘‘किलोत करूया ना सरळ. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. समसमानच आहे की.’’

हे वाक्य ऐकताना मान डोलते, कारण सव्वा हा आकडाच पवित्र आहे. मात्र याच वाक्याने सोसायटीच्या शिऱ्याची माती होते.

समसमान आहे ते आकारमानात, वजनात नाही. रव्याच्या कणांमध्ये हवा असते, म्हणून तो वाटीत फुगून बसतो. साखर त्याहून जड, आणि वितळलेलं तूप वाटीत एकही फट ठेवत नाही. सव्वा किलो रव्याचा ढीग सव्वा किलो तुपापेक्षा बराच मोठा दिसतो. वजनात समसमान घेतलं, तर घरच्या कृतीपेक्षा तूप आणि साखर दोन्ही कमी पडतात. आणि दूध? ‘तिप्पट’ म्हणून पावणेचार किलो दूध ओतणाऱ्याला माझा दंडवत. वाटीने तिप्पट असलेलं दूध वजनाने रव्याच्या चौपटीहून जास्त भरतं.

एरवी स्वयंपाकात कमीजास्त झालं तर चमचाभर चाखून सुधारता येतं. इथे तीही सोय नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी प्रसाद चाखायचा नाही. नऊ किलोचा शिरा डोळ्यांनी, नाकाने आणि झाऱ्याला लागणाऱ्या जोराने ओळखायचा. म्हणून काटा हवा, आणि काट्यावर ठेवायचे आकडे आपल्याच वाटीचे हवेत.

तर पहिला प्रश्न, वाटी कुठली? घरातल्या मोठ्यांना विचारलं तर उत्तर एकच येतं, ‘‘आपली नेहमीची.’’ नेटवरचे तक्ते 240 मिलीलिटरच्या कपाचे असतात, आणि आपली नेहमीची वाटी त्या कपाला ओळखही दाखवत नाही. पण तिचं माप काढायला दोन मिनिटं पुरतात. वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलीलिटर. समजा, 180 आले. आता हीच वाटी पुसून कोरडी करा आणि त्यात रवा भरा.

इथे खरी गंमत सुरू होते. चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केलेली वाटी आणि डब्यात बुडवून काढलेली वाटी यांत बारीक रव्याचा दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज पडतो. वाटी ओट्यावर दोनदा आपटली की रवा आणखी खाली बसतो आणि वर पुन्हा जागा होते. शीग लावली तर बोलायलाच नको. म्हणून ज्या हाताचा शिरा आपल्याला हवा आहे, त्याच हाताला तीनदा वाटी भरू द्यायची, तिन्ही वेळा वजन घ्यायचं आणि मधला आकडा धरायचा. 122, 131, 138 असे आकडे आले की आजी म्हणते, ‘‘तुझा काटा बिघडलाय.’’ काटा बिघडलेला नसतो, पण तेव्हा गप्प बसावं.

धरून चालू की 180 मिलीलिटरच्या वाटीत रवा 130 ग्रॅम बसला. साखर सुमारे 150, पातळ केलेलं तूप सुमारे 164, आणि तीन वाट्या दूध मिळून 555 ग्रॅम. तूप पातळ करूनच मोजायचं. थिजलेलं रवाळ तूप वाटीत कोंबलं, तर आत पोकळ्या राहतात आणि वर डोंगर होतो. दोन्ही चुका एकमेकींना बरोब्बर खोडतील अशी आशा कुणी धरू नये.

सव्वा किलो रवा म्हणजे 1250 भागिले 130, साधारण 9.6 पट. आता उरलेलं सगळं याच 9.6 ने गुणायचं. साखर 1440 ग्रॅम, तूप 1575 ग्रॅम, दूध 5330 ग्रॅम. या आकड्यांशेजारी ‘सगळं सव्वा किलो’वाली यादी ठेवून पाहा. त्या यादीत साखर 190 ग्रॅम कमी, तूप 325 ग्रॅम कमी आणि दूध तर दीड किलोहूनही जास्त कमी. असा शिरा पातेल्यात कडेने तूप सोडतच नाही. करणारा मात्र तूप सुटायची वाट पाहत ढवळत राहतो, त्यात होती ती ओलही जाते, आणि शेवटी द्रोणात पडतो तो खाण्यासाठी नव्हे तर गिलाव्यासाठी.

सव्वाची परंपरा मोडली असं कुणाला वाटू नये. सव्वा शेर म्हणायचे तेव्हाही शेर धान्याचं मापही होता आणि वजनही, आणि दोन्हींत गल्लत करायची सवय तेव्हापासूनची आहे. 1956 साली देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला, पण तो वाटीपर्यंत पोचला नाही. रवा सव्वा किलो ठेवा, देवाचा मान राहतो. साखर आणि तूप किती घ्यायचं ते वाटीला विचारा.

यादी घेऊन दुकानात गेल्यावर आणखी एक चकवा असतो. तूप लिटरच्या डब्यात मिळतं आणि लिटरभर तूप भरतं सुमारे 910 ग्रॅम. 1575 ग्रॅमसाठी लिटरचे दोन डबे लागतात, दीड लिटरवर भागत नाही. दुधाचं उलटं, ते पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणजे 5330 ग्रॅम दूध जेमतेम सव्वापाच लिटरही होत नाही. अर्ध्या लिटरच्या अकरा पिशव्या आणल्या की चहालाही थोडं उरतं.

केळ्याने मात्र गणित साफ नासतं. कृतीत ‘एक केळं’ आहे, पण 9.6 केळी म्हणजे काय? नऊ केळी आणि एकाचा मोठा तुकडा? आणि कुठली केळी? वेलची केळं सोलल्यावर नेहमीच्या केळ्याच्या जेमतेम निम्मं उरतं. नेहमीचं केळं सोलून 90 ग्रॅम भरलं असेल तर सोललेली 860 ग्रॅम केळी घ्यायची आणि मोजणी सोडून द्यायची. वेलदोड्याचंही वजन करा. अर्धा चमचा पूड म्हणजे एक ग्रॅमच्या आसपास, पण घरच्या काट्याला एक ग्रॅम आणि दोन ग्रॅममधला फरक धड कळत नाही. उलट दहा ग्रॅम तो नीट सांगतो. पटीत वाढवण्याचा हा एवढाच फायदा. मी दहाऐवजी आठच ग्रॅम घालते. चाखता येत नसताना कमी वेलदोडा माफ होतो, जास्त झाला की प्रसादाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो.

आता काट्याविषयी. स्वयंपाकघरातला काटा साधारण पाच किलोपर्यंतच मोजतो, आणि शून्यावर आणलं तरी भांड्याचं वजन त्या पाच किलोत धरलेलंच असतं. चार किलोचं पितळी पातेलं ठेवून त्यात साखर ओतायला गेलं, तर किलोभरातच काटा हात वर करतो. हलक्या प्लास्टिकच्या डब्यात मोजून पातेल्यात रिकामं करावं. दूध दोन-दोन किलोने मोजावं, आणि प्रत्येक खेपेला कागदावर रेघ मारावी. कारण तुम्ही पिशवी कापायला वळलात की काटा बॅटरी वाचवायला स्वतःहून बंद होतो. परत चालू केला तर ओतलेलं सगळं शून्य धरून बसतो.

मोजमाप बरोबर झालं तरी शेगडीला गुणाकार येत नाही. वाटीभर रवा आठ-दहा मिनिटांत भाजतो. सव्वा किलोला 9.6 पट वेळ लागत नाही, पण अर्धा तास सहज जातो, आणि तळाचा रवा लाल होत असताना वरचा पांढराच असतो. दोन घाण्यांत भाजावा. अपेक्षित रंगाच्या थोडं आधी गॅस बंद करावा, कारण जाड पातेलं बंद गॅसवरही भाजतच राहतं. दूध शेजारच्या शेगडीवर आधीच चढवलेलं हवं. पाच लिटर दूध उकळायला रवा भाजण्याइतकाच वेळ लागतो. गार दूध ओतलं तर रवा थंड पडून गुठळ्या होतात. उकळतं दूध एकदम ओतलं तर वाफेचा लोट थेट मनगटावर येतो. म्हणून चार-पाच खेपांत, लांब दांड्याचा झारा हातात धरून ओतावं. पातेलं अठरा-वीस लिटरचं असावं. शिजून निघणारा शिरा नऊ-साडेनऊ किलोच असला, तरी मध्ये तो ज्वालामुखीसारखा फुटत असतो.

दुधातला अर्धा लिटर मागे ठेवावा, गरम. खोल पातेल्यात उघडा भाग मालाच्या मानाने कमी, त्यामुळे कढईच्या मानाने वाफ कमी जाते आणि हिशेबाचं सगळं दूध कधी जास्त ठरतं. रवा दूध पिऊन टपोरा फुगला, झारा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला आणि मग बुजला, की दूध पुरलं. तळ उघडाच राहिला तर मागे ठेवलेलं दूध घाला. साखर यानंतरच. आधी घातली तर ती पाणी धरून बसते आणि रवा आत कचकचीत राहतो. आणि साखर पडल्यावर शिरा पुन्हा पातळ होतो. या क्षणाला निदान दोन जण ‘‘अगं, पाणी झालं’’ म्हणून रवा वाढवायला धावतात. त्यांना द्रोण मांडायला बसवावं. पाच मिनिटांत शिरा परत आळतो, कडेने तूप चमकायला लागतं, आणि केळ्याचा वास वर येतो.

माणशी पन्नास ग्रॅम धरले तर एवढ्यात 180 द्रोण भरतात. द्रोणाला साधारण एक मध्यम पळी, पण तीही आदल्या दिवशी काट्यावर घालून बघावी. त्याच दिवशी 130 ग्रॅम रव्याची तालीमही करून टाकावी. ती नैवेद्याची नसते, त्यामुळे चाखायला मोकळीक. जमल्यावर झाकणामागच्या चिठ्ठीवर वाट्यांशेजारी ग्रॅम लिहावेत, वाटीच्या बुडाला 180 असं खिळ्याने कोरावं, आणि पातेल्याचं रिकामं वजनही तिथेच टिपावं. पुढच्या वर्षी कुणीतरी अर्धं भरलेलं पातेलं समोर आणून विचारणारच आहे, ‘‘यात किती उरलाय गं?’’