टायपिंगची संस्था बंद पडली? मग आता तुम्हीच ती चालू करा!

शिपाई पदावरून लिपिक व्हायचं आहे आणि टायपिंगचं प्रमाणपत्र पडताळणीला गेलंय, तर पुढच्या सूचना लिहून घ्या.

पहिली, संस्थाचालकांना अमर ठेवा.

दुसरी, घराणं असं निवडा की ज्याच्या टायपिंगच्या संस्थेत पुढे मोबाइलचं दुकान निघणार नाही. आमच्या परभणीत निघालं. माझं प्रमाणपत्र खरं का, हे विचारायला कार्यालयाने संस्थेच्या ‘प्राचार्यां’च्या नावाने पाठवलेलं रजिस्टर टपाल पोस्टमनने ‘सदर संस्था बंद, परत’ असा निळ्या पेनाने शेरा मारून आणून दिलं. शेरा सरकारी खात्याचाच, तरी बाबूंना पटेना. "संस्था बंद झाल्याचं पत्र आणा." कोणाचं? "संस्थेच्या लेटरहेडवर." म्हणजे जी नाही तिने लिहून द्यायचं की मी नाही! शेजारच्या गल्लीतल्या ज्या संस्थेने उरलेली पोरं सामावून घेतली होती, तिचे सर म्हणाले, "बाबा, पोरं आली, रजिस्टर नाही आलं. मशिनी तर भंगारात गेल्या." आणि समजा रजिस्टर असतंच, तर त्यात काय असतं? हजेरी आणि फी! पास झालो की नापास, हे संस्थेला विचारणं म्हणजे लग्न लागलं का हे बँडवाल्याला विचारणं.

तिसरी, झेरॉक्सवाल्याशी सोयरीक करा.

चौथी, शांत राहा. मी राहिलो नाही.

कारण प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावरच होतं हो. वर ठळक अक्षरात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे. परीक्षा त्यांनी घेतली, निकाल त्यांनी लावला, प्रमाणपत्र त्यांनी दिलं. संस्थेने फक्त शिकवलं. शाळेचा टी.सी. असता तर गोष्ट वेगळी होती. तो शाळाच देते, म्हणून शाळा विलीन झाली की जनरल रजिस्टर ज्या शाळेत गेलं तिथे विचारावं लागतं. हे टायपिंगचं प्रमाणपत्र आहे, साहेब! मराठी ३०, इंग्रजी ४०. आसन क्रमांक, परीक्षेचा महिना, वर्ष, विषय आणि वेग लिहा, झेरॉक्स जोडा, जावक क्रमांक टाका, पुण्याला पाठवा. एका पानाचं पत्र. तेही कार्यालयानेच पाठवायचं असतं, कारण मी हाताने उत्तर आणलं तर तुम्हीच म्हणणार, खरं कशावरून?

ते सोडून फाइलवर काय लिहिलंत? ‘उमेदवाराने स्वतः पाठपुरावा करावा.’ कशाचा पाठपुरावा, मोबाइलच्या दुकानाचा? वाचता येत नाही का प्रमाणपत्राची वरची ओळ? माझ्यामागून आलेले लिपिक होऊन खुर्चीत बसले आणि मी अजून त्यांनाच चहा देतोय. उद्या ते पत्र टाइप करा. जमत नसेल तर सांगा, मी करून देतो. येतं मला, तेच तर सिद्ध करायचंय.